मुदतवाढ मागताना नवी तारीख कशी काढायची

५ जानेवारी, सोमवारची संध्याकाळ. माझी भाची फतेगंजहून दांडिया बाजारात आमच्याकडे आली आणि चहा व्हायच्या आत तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे ती. नंदुरबारहून बडोद्याला येऊन दीड वर्ष झालं. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा १२ जानेवारीला मार्गदर्शक सरांकडे द्यायचा होता आणि तो होणार नाही हे तिला त्या दुपारी कळलं होतं. तिने टाइप केलेला निरोप असा होता:

"नमस्कार सर, काही अडचणींमुळे चौथं प्रकरण वेळेत पूर्ण होऊ शकत नाहीये. कृपया थोडा वेळ वाढवून मिळेल का? मी लवकरात लवकर देते. सॉरी सर."

"मावशी, पाठवू का?" तिने विचारलं.

मी बरीच वर्षं इथल्या एका कॉलेजात शिकवते. असे निरोप मला दर सत्रात येतात. ते वाचणाऱ्या बाजूला काय होतं ते सांगते. "काही अडचणी" वाचून मला काहीच ठरवता येत नाही, कारण अडचण दोन दिवसांची आहे की दोन महिन्यांची ते कळत नाही. "थोडा वेळ" म्हणजे किती ते मला विचारावं लागतं. "लवकरात लवकर" ही तारीख नसल्यामुळे माझ्या वहीत मी काय लिहू? म्हणजे ज्याला मदत हवी आहे त्याने सगळं काम माझ्यावर टाकलं. मग मी उलट विचारते, तो दोन दिवसांनी उत्तर देतो, आणि तोवर मुदत उलटून गेलेली असते.

म्हणून मी तिला म्हटलं, पाठवू नकोस, आधी बस. पुढचा तास-दीड तास आम्ही जे केलं तेच इथे क्रमाने लिहिते आहे. तिचं उदाहरण प्रबंधाचं आहे, पण नोकरीत साहेबांकडे किंवा मॅडमकडे मुदत मागतानाही हिशोब हाच असतो. त्यातला फरक शेवटी सांगितला आहे.

आधी बघा, तारीख कोणाची आहे

काही तारखा सरांनी स्वतःच्या सोयीने ठरवलेल्या असतात: मसुदा, गृहपाठ, वर्गातलं सादरीकरण. काही विभागाच्या असतात, जसं की बांधलेली प्रत जमा करणं किंवा अंतर्गत गुण पाठवणं. आणि काही विद्यापीठाच्या, जसा परीक्षेचा अर्ज. पहिल्या प्रकारची तारीख सर स्वतः हलवू शकतात. दुसऱ्या प्रकारासाठी त्यांना विभागप्रमुखांशी बोलावं लागतं. तिसऱ्या प्रकारात त्यांच्या हातात काही नसतं. तिथे कार्यालयात जाऊन विलंब शुल्काची सोय आहे का, हे विचारणं एवढाच मार्ग राहतो. सरांना "परीक्षेच्या अर्जाची मुदत वाढवून द्या" म्हणणं म्हणजे त्यांना नकार द्यायला भाग पाडणं.

नोकरीतही तसंच. माझी एक विद्यार्थिनी इथे हिशेबनिसांच्या कचेरीत लागली. नव्यानेच लागलेली असताना तिने वरिष्ठांना विचारलं, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं विवरणपत्र दोन दिवस उशिरा भरलं तर चालेल का? दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी त्याची तारीख पुढच्या महिन्याची २० असते, ती उलटली की दिवसागणिक विलंब शुल्क लागू होतं, आणि ती तारीख सरकार सोडून कोणी हलवू शकत नाही. वरिष्ठ तिला मुदत देऊच शकत नव्हते. ते मदतीला माणूस देऊ शकत होते, म्हणजे तिने मुदत न मागता मदत मागायला हवी होती.

भाचीची १२ जानेवारी ही सरांची स्वतःची तारीख होती. पण तिच्यामागे विभागाची एक तारीख उभी होती: १६ फेब्रुवारी, बांधलेली प्रत जमा करायची. ही दुसरी तारीख तिच्या निरोपात कुठेच नव्हती. सरांच्या डोक्यात मात्र पहिली तीच येणार होती.

कारण: एकच, खरं, आणि तारखेसकट

"नक्की काय अडलंय?" मी विचारलं. तेव्हा ती सविस्तर बोलली.

तिचा विषय मकरपुऱ्याच्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या रजांचा. एकूण ६० मुलाखती ठरल्या होत्या: ३० कायम कामगारांच्या, ३० कंत्राटी कामगारांच्या. कायम कामगारांच्या सगळ्या ३० झाल्या. कंत्राटी कामगारांशी बोलायला ठेकेदाराची लेखी परवानगी लागत होती. ती डिसेंबरच्या मध्याला मिळेल असं सांगितलं होतं, पण पत्र हातात पडलं २ जानेवारीला. त्याआधी तोंडी होकारावर ११ जणांशी बोलणं झालं होतं. म्हणजे ४१ झाल्या, १९ राहिल्या.

हे तर अगदी सरळ, तपासता येण्याजोगं कारण होतं. मग तिने ते लिहिलं का नव्हतं? तिला वाटत होतं की ठेकेदारावर ढकलल्यासारखं दिसेल. मला उलट वाटतं. "काही अडचणी" म्हणणारा काहीतरी लपवतो आहे असं वाचणाऱ्याला वाटतं. तारखा लिहिल्या की दोषाचा प्रश्न आपोआप बाजूला पडतो आणि फक्त घटनाक्रम उरतो.

तिचाही एक भाग त्यात होता आणि तोही लिहायला हवा होता. परवानगी लांबते आहे हे तिला २० डिसेंबरच्या सुमारास दिसलं होतं, पण तिने सरांना कळवलं नाही. ते एका वाक्यात मान्य करावं. तीन वाक्यांत करू नये, कारण मग निरोप माफीनाम्यासारखा होतो आणि मागणी हरवते.

कारणं एकापेक्षा जास्त असली तर सर्वांत मोठं एकच द्यावं. मुलं परवानगीही लिहितात, इंटरनेट बंद होतं हेही लिहितात, ताप होता हेही. तिसरं कारण वाचेपर्यंत पहिल्यावरचा विश्वास कमी होतो.

आजारपण किंवा घरचं दुःख असेल तर तपशील सांगायची सक्ती स्वतःवर करू नका. "१ तारखेपासून रुग्णालयात होतो, ४ ला घरी सोडलं, प्रमाणपत्र जोडलं आहे" एवढं पुरतं. आजाराचं नाव लागत नाही. घरात कोणी गेलं असेल तर परतण्याची तारीख बहुतेक ठरलेलीच असते. दहाव्या-तेराव्याचे दिवस मोजता येतात, म्हणून "अमुक तारखेपर्यंत गावी आहे" हे लिहून टाकावं. इथले गुजराती शिक्षक सांत्वनाला जमायचं बेसणं, तेरावं हे सगळं जाणतात, समजावून सांगावं लागत नाही. आणि जे घडलंच नाही ते कधीही लिहू नका. बडोदं अजूनही असं शहर आहे की तुमच्या सरांची आणि तुमच्या घरमालकांची ओळख निघते.

नवी तारीख: दोन बाजूंनी मोजा

इथेच आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जावा. मी विचारलं, "किती दिवस हवेत?" ती म्हणाली, "पाच दिवस मागते, शनिवार १७." मी विचारलं, पाचच का? तिला सांगता येईना. पाच हा आकडा मागायला बरा वाटतो, म्हणून. बहुतेक जण असंच करतात: सर रागावणार नाहीत असा आकडा शोधतात आणि कामाला त्यात कोंबतात. मग दुसऱ्यांदा मुदत मागायची वेळ येते, आणि दुसरी मागणी पहिलीपेक्षा फार महाग पडते.

आम्ही कागद घेतला आणि आधी पुढच्या दिशेने मोजलं.

१९ मुलाखती. दिवसाला किती होतील? ती म्हणाली सहा. मी तिची डायरी मागितली. डिसेंबरमधल्या दिवसांपुढे लिहिलं होतं: चार, तीन, पाच, चार, चार. पहिली पाळी सुटल्यावर माणसं भेटतात, तासाभराने घरी जायची घाई सुरू होते, त्यात एखादा उद्या या म्हणतो. सहा एकदाही झाल्या नव्हत्या. म्हणून आम्ही चार धरल्या. पुढे काय होईल याचा अंदाज करताना मागे प्रत्यक्षात काय झालं तोच आकडा घ्यावा, कारण कामाची परिस्थिती तीच आहे. चारच्या हिशोबाने १९ मुलाखतींना पाच दिवस: मंगळवार ६ ते शनिवार १०.

मग नोंदी भरून तक्ते काढायला दोन दिवस. रविवार ११, सोमवार १२.

लिहायला तीन दिवस. हा आकडाही तिच्या तिसऱ्या प्रकरणावरून घेतला. मंगळवार १३ हा एक. मग १४ आणि १५ उत्तरायण. इथे नवीन आलेल्यांनी लक्ष द्यावं. गुजरातेत १४ ला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, उत्तरायण आणि १५ ला वासी उत्तरायण. दोन्ही दिवस सगळं शहर गच्चीवर असतं. त्या दोन दिवसांत मी लिहीन असं ती म्हणत होती. तिच्या खोलीच्या बरोबर वर गच्ची, सकाळपासून स्पीकर. ते दोन दिवस आम्ही हिशोबातून काढून टाकले. लिखाणाचे उरलेले दोन दिवस शुक्रवार १६ आणि शनिवार १७.

रविवार १८ स्वतः वाचून दुरुस्त करायला. सोमवार १९ राखीव, कारण १९ माणसांपैकी एखादा तरी भेटणार नाही. म्हणजे द्यायची तारीख आली मंगळवार २० जानेवारी. ती पाच दिवस मागणार होती, गरज होती आठ दिवसांची.

आता उलट्या दिशेने. विभागाची तारीख सोमवार १६ फेब्रुवारी. छपाई आणि बांधणीला तीन दिवस धरले तर बुधवार ११ पर्यंत सगळं अंतिम हवं. सर दुरुस्ती बघून होकार द्यायला तीन-चार दिवस घेतात, म्हणून तिची दुरुस्ती ७ फेब्रुवारीपर्यंत व्हायला हवी. दुरुस्तीला तिला एक आठवडा, म्हणजे सरांचं वाचन ३० जानेवारीला संपायला हवं. मागच्या तीन प्रकरणांतलं प्रत्येक वाचायला सरांनी साधारण दहा दिवस घेतले होते. ३० मधून दहा गेले की २०.

दोन्ही बाजूंचा हिशोब २० तारखेवर येऊन मिळाला. हा योग होता, दर वेळी असं होत नाही. समजा पुढची मोजणी २० सांगते आणि उलटी मोजणी २७ सांगते, तर २१ किंवा २२ मागा. सगळा मोकळा काळ मागू नका, तो सरांच्या कामाचा आहे. आणि समजा पुढची मोजणी २७ सांगते पण उलटी २० च्या पुढे जाऊ देत नाही, तर नुसती मुदतवाढ पुरणार नाही हे तुम्हाला निरोप लिहिण्याआधीच कळतं. मग कामच कमी करावं लागेल, आणि तो प्रश्न सरांपुढे उघडपणे मांडावा लागेल.

काम कमी करण्याचा पर्याय आम्ही तसाही तपासला. ६० ऐवजी ५० मुलाखती केल्या तर राहिल्या नऊ. त्या मंगळवार-बुधवारी आठ आणि गुरुवारी एक. गुरुवारची उरलेली दुपार आणि शुक्रवार नोंदींना, शनिवार ते सोमवार लिखाण, मंगळवारी १३ ला संध्याकाळी मसुदा, उत्तरायणाच्या आदल्या दिवशी. मध्ये एकही राखीव दिवस नाही, आणि कंत्राटी कामगार ३० ऐवजी २० च राहणार. हा पर्याय तिला आवडत नव्हता. मी म्हटलं, तरी लिही. कायम आणि कंत्राटी यांची तुलना २० जणांवर टिकेल का, हे ठरवायचा अधिकार सरांचा आहे. त्यांना एकच पर्याय दिला तर ते फक्त हो किंवा नाही म्हणू शकतात. दोन दिले तर निवडू शकतात.

तारीख लिहायची कशी

हा मुद्दा बडोद्यात मराठी माणसाला विशेष लागू आहे. आपल्याकडे "काल" म्हणजे होऊन गेलेला दिवस. गुजरातीत "काले" म्हणजे कालही आणि उद्याही. गई काल की आवती काल, ते बोलण्याच्या ओघात कळतं. फोनवर घाईत "काले आपीश" म्हटलं की नवीन मराठी कान गोंधळतो, आणि आपण मराठी वळणाने काही बोललो की समोरचा गोंधळतो. मराठीतल्या मराठीतही "येत्या सोमवारी" आणि "पुढच्या सोमवारी" यांचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो.

म्हणून वार, तारीख आणि वेळ, तिन्ही लिहा: "मंगळवार, २० जानेवारी, संध्याकाळी पाचपर्यंत." वार लिहिल्याने तारखेतली चूक पकडली जाते. वेळ लिहिल्याने २० तारीख म्हणजे कार्यालय सुटेपर्यंत की रात्री बारापर्यंत, हा वाद राहत नाही.

दिवाळीच्या सुमाराची तारीख देणार असाल तर लाभपंचमी कधी आहे ते आधी बघा. इथले बरेच व्यवसाय दिवाळीनंतर लाभपंचमीलाच पुन्हा उघडतात. पाडव्यानंतर दोन दिवसांत छपाईवाल्याकडून आणून देते असं लिहिलेलं मी वाचलं आहे. छपाईवाला दुकानातच नव्हता.

निरोप

तिने शेवटी पाठवलेला ईमेल असा होता. प्रत्यक्षात तो इंग्रजीत गेला, कारण तिच्या विभागातला सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो. पण आधी मराठीत लिहिला म्हणून म्हणायचं काय ते तिला स्वच्छ दिसलं. भाषा कोणतीही असो, क्रम हाच ठेवा.

विषय: चौथ्या प्रकरणाचा मसुदा, १२ ऐवजी २० जानेवारीची विनंती

"आदरणीय सर,

चौथ्या प्रकरणाचा मसुदा सोमवार, १२ जानेवारीला द्यायचा आहे. तो मंगळवार, २० जानेवारी, संध्याकाळी पाचपर्यंत देण्याची परवानगी मागते आहे.

कंत्राटी कामगारांच्या मुलाखतींसाठी ठेकेदाराची लेखी परवानगी डिसेंबरच्या मध्याला अपेक्षित होती, ती २ जानेवारीला मिळाली. पत्र जोडले आहे. ६० पैकी ४१ मुलाखती झाल्या आहेत, उरलेल्या १९ सर्व कंत्राटी कामगारांच्या आहेत. परवानगी लांबते आहे हे मी डिसेंबरमध्येच आपल्याला कळवायला हवे होते.

१९ मुलाखती १० जानेवारीपर्यंत, तक्ते १२ पर्यंत आणि लेखन १७ पर्यंत पूर्ण होईल. २० तारखेला मसुदा मिळाल्यास आपल्या वाचनासाठी ३० जानेवारीपर्यंत वेळ राहतो आणि १६ फेब्रुवारीची तारीख पाळता येते.

दुसरा पर्याय ५० मुलाखतींवर थांबण्याचा आहे. तसे केल्यास मसुदा मंगळवार, १३ जानेवारीला संध्याकाळी देता येईल, पण कंत्राटी कामगार ३० ऐवजी २० राहतील आणि मध्ये राखीव दिवस उरणार नाही.

दोन्हीपैकी काहीही ठरले तरी आपण सुचवलेल्या दुरुस्त्यांसह तिसरे प्रकरण आणि ३० कायम कामगारांचे तक्ते १२ तारखेलाच देते. उद्या दुपारी विभागात आहे, आपल्याला सोयीचे असल्यास भेटते."

मागणी पहिल्या परिच्छेदातच आहे. आपल्याकडे आधी खुशाली, मग पार्श्वभूमी, मग शेवटी भीतभीत मागणी असा क्रम अंगवळणी पडलेला असतो. मोबाइलवर वाचणाऱ्याला शेवटपर्यंत पोचायच्या आत फोन येतो. जुनी आणि नवी तारीख विषयातच असली की सरांना ईमेल न उघडताही कळतं काय चाललं आहे.

१२ तारखेला काहीतरी द्यायचंच, हा भाग माझ्या आग्रहाने आला. त्याचं कारण असं की शिक्षक मुदत ठरवतो तेव्हा पुढचे काही दिवस तुमचं काम वाचायला मोकळे ठेवतो. तुम्ही काहीच दिलं नाही तर ते दिवस वाया जातात, आणि आठवड्याने तुम्ही देता तेव्हा त्याच्यासमोर दुसरं काम असतं. तयार असलेला भाग दिला की ते दिवस कामी येतात.

कधी आणि कसा पाठवायचा

हिशोब चुकला हे कळलं त्या दिवशी. भाचीला सोमवारी कळलं, तिने सोमवारीच रात्री आठच्या सुमारास पाठवलं, मुदतीच्या सात दिवस आधी. मुदतीच्या आदल्या रात्री अकराला आलेल्या निरोपात कारण कितीही खरं असलं तरी वाचणाऱ्याला एकच दिसतं: हे आज कळलेलं नाही.

व्हॉट्सॲपवर मोठा मजकूर नको, आणि वर्गाच्या ग्रुपवर तर अजिबात नको. तिथे एकाला मुदत दिली की सगळ्यांना द्यावी लागते, म्हणून सरांना नाहीच म्हणावं लागतं. ईमेल पाठवून व्हॉट्सॲपवर एक ओळ: "सर, मुदतवाढीसाठी ईमेल केला आहे, सवडीने बघावा." तोंडी बोलणं आधी झालं असेल तरी त्याच दिवशी ईमेल करा: "आज आपण म्हणालात त्याप्रमाणे २० तारीख धरते." कॉरिडॉरमध्ये घाईत दिलेला होकार सर विसरतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

उत्तर आलं नाही तर? गप्प राहणं हा होकार नव्हे. दोन दिवस वाट बघून एकदा आठवण करा, मग विभागात जाऊन भेटा. तोवर जुनी तारीखच खरी धरून काम करा.

नकार आला तर वाद न घालता एक प्रश्न विचारा: "१२ ला जे तयार असेल ते तसंच दिलं तर चालेल का?" बऱ्याचदा नकार तारखेला असतो, अपुऱ्या मसुद्याला नसतो.

भाचीचे सर मंगळवारी भेटले. ५० वर थांबायला त्यांनी नाही म्हटलं. कंत्राटी कामगारांचा गटच कमी केला तर विषयाचं काय राहिलं, असं त्यांचं म्हणणं. २० तारीख मान्य. पण तिसरं प्रकरण त्यांनी १२ ऐवजी १० लाच मागितलं, कारण उत्तरायणात ते भावनगरला जाणार होते आणि वाचायला सोबत नेणार होते. ही गोष्ट तिला कधीच कळली नसती. ते प्रकरण जवळजवळ तयारच होतं, म्हणून तिला ते जमलं.

मुलाखतींत गुरुवारी दोनच झाल्या. शनिवारअखेर १८ झाल्या, शेवटची सोमवारी. राखीव दिवसाचा थोडा भाग तिथे गेला. १६ ला तिने सरांना दोन ओळी पाठवल्या: मुलाखती पूर्ण, तक्ते पूर्ण, २० तारीख कायम. २० ला दुपारी चारला मसुदा त्यांच्या टेबलावर होता.

नोकरीत काय वेगळं

शिकवायला लागण्यापूर्वी मी मकरपुऱ्यात एका कारखान्याच्या नियोजन विभागात होते. एका मालाच्या तपासणीचे कागद बुधवारी द्यायचे होते. मी मॅनेजरना म्हटलं, दोन दिवस द्या. शुक्रवारी पुन्हा म्हटलं, आणखी दोन दिवस. दोन्ही वेळा मी स्वतःच्या टेबलावरच्या कामाचाच विचार केला होता. शुक्रवारी संध्याकाळी माल न्यायला गाडी आली, कागद नव्हते, गाडी रिकामी गेली आणि तिचं भाडं द्यावं लागलं. गाडी ठरली आहे हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. मॅनेजर मला ओरडले नाहीत. "पहिल्यांदाच चार दिवस मागितले असते तर मी गाडी पुढे ढकलली असती," एवढंच म्हणाले. ते वाक्य मला अजून टोचतं.

प्राध्यापकाकडे मुदत मागताना तुमच्या कामावर बहुधा तुम्ही आणि ते असे दोघंच अवलंबून असता. कारखान्यात, कचेरीत तुमच्या मागे रांग असते. म्हणून मॅनेजरकडे जाण्याआधी एक प्रश्न जास्तीचा: हे काम माझ्यानंतर कोणाकडे जातं, आणि त्यांना ते कधी लागतं? ते शोधायला पाच मिनिटं पुरतात, शेजारच्या टेबलावर विचारायचं असतं. उलट्या दिशेची मोजणी तिथून सुरू होते.

दुसरा फरक म्हणजे तुमच्या हातात असलेली बाकीची कामं मॅनेजरला ठाऊक असतात, कारण त्यातली बरीच त्यांनीच दिलेली असतात. मग "हे आणि ते दोन्ही शुक्रवारपर्यंत होणार नाही. हे शुक्रवारी दिलं तर ते मंगळवारी होईल, ते शुक्रवारी दिलं तर हे सोमवारी. आपण सांगाल ते आधी घेते," असं म्हणता येतं. इथेही दोन तारखा, दोन्ही मोजलेल्या, आणि निवड त्यांची.

आधी फोनवर किंवा प्रत्यक्ष बोला, मग लगेच ईमेल करा. कॉलेजात ईमेल आधी चालतो. कचेरीत साहेबांना पहिल्यांदा ईमेलमधून, तोही इतरांना प्रत गेलेल्या ईमेलमधून कळलं, तर त्यांना त्यांच्या वरच्यांसमोर तयारी नसताना उत्तर द्यावं लागतं. त्यांनी होकार दिल्यावर, रांगेतल्या पुढच्या माणसाला नवी तारीख कोण कळवणार, हेही त्याच बोलण्यात विचारून घ्या. माझ्या वेळी ते कोणीच कळवलं नव्हतं.